‘इजन्ट’ की ‘डझन्ट’?

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ या भागात एक छोटीशी सूचना बरेचदा येते: ‘अ‍ॅड अ क्वेश्चन टॅग’. वर एक साधं वाक्य दिलेलं असतं, पुढे स्वल्पविराम, मग मोकळी जागा. उत्तर जेमतेम दोन शब्दांचं, गुण एखादाच. पण त्या दोन शब्दांत मुलाला वाक्य खरोखर कळलंय की नाही, हे उघड होतं. म्हणून मला हा प्रश्न फार आवडतो आणि तो पाठांतरावर सोडून दिला जातो याचं वाईट वाटतं.

आपण मराठीत वाक्याच्या शेवटी ‘ना’ जोडतो. ‘तू येणार आहेस ना’, ‘त्यांनी पैसे दिले ना’, ‘तिला पोहता येत नाही ना’. कर्ता कोणताही असो, काळ कोणताही असो, ‘ना’ बदलत नाही. इंग्रजीत असा सगळीकडे चालणारा एक शब्द प्रमाण लेखनात नाही. तिथे प्रत्येक वाक्याचं शेपूट त्याच वाक्याच्या मालातून नव्यानं बनवावं लागतं. ‘शी इज अ डॉक्टर, इजन्ट शी?’ ‘दे कॅन स्विम, कान्ट दे?’ ‘यू हॅवन्ट पेड, हॅव यू?’ वाक्यातलं सहायक क्रियापद, म्हणजे वर्गात ज्याला हेल्पिंग व्हर्ब म्हणतात ते, शेवटी पुन्हा घ्यायचं. वाक्य होकारार्थी असेल तर ते नकारार्थी करायचं, नकारार्थी असेल तर होकारार्थी. कर्त्याच्या जागी त्याचं सर्वनाम लावायचं. नियम एवढाच.

नियम एवढा सोपा असून चुका कुठे होतात? ‘इज–इजन्ट, कॅन–कान्ट, विल–वोन्ट’ हे कोष्टक मुलांना पाठ असतं, त्यात कोणी फारसं अडत नाही. अडचण कोष्टकाच्या आधी येते. वाक्यात सहायक क्रियापद नेमकं कोणतं, आणि हे वाक्य होकारार्थी आहे की नकारार्थी, या दोन गोष्टी ठरवताना मुलं घसरतात. दोन्ही ठरवण्यासाठी एकच युक्ती बहुतेक वेळा पुरते: टॅगचा विचार करण्याआधी ते वाक्य तोंडानं नकारार्थी करून बघायचं.

‘शी इज अ डॉक्टर’ नकारार्थी केलं की ‘शी इजन्ट अ डॉक्टर’. टॅग आलाच: इजन्ट शी. ‘द ट्रेन हॅज बीन डिलेड’ नकारार्थी केलं की ‘द ट्रेन हॅजन्ट बीन डिलेड’. म्हणून हॅजन्ट इट. या वाक्यात ‘हॅज’ आणि ‘बीन’ अशी दोन सहायक क्रियापदं आहेत आणि कोणतं घ्यायचं असा प्रश्न मुलांना पडतो. नकार ज्याला चिकटतो ते घ्यायचं, आणि नकार नेहमी पहिल्यालाच चिकटतो. ‘दे शुड हॅव टोल्ड अस’ या वाक्यात ‘शुड’ला, म्हणून शुडन्ट दे. ‘हॅवन्ट दे’ लिहिणाऱ्या मुलाला चुकीचं उत्तर पुसायला सांगण्याऐवजी वाक्य नकारार्थी बोलायला सांगितलं, तर तो बहुधा स्वतःच थांबतो. ‘दे शुड हॅवन्ट टोल्ड’ असं तोंडातून सहज निघत नाही.

एक दोन रूपांची मात्र वेगळी ओळख करून द्यावी लागते. ‘विल’चं नकारार्थी ‘विलन्ट’ होत नाही, ‘वोन्ट’ होतं. जुन्या इंग्रजीत ‘विल’ला ‘वोल’ असं एक भावंड होतं आणि ‘वोन्ट’ त्याच्यापासून उतरलं. ‘शॅल’चं ‘शान्ट’ होतं. ही रूपं लक्षातच ठेवावी लागतात.

आता ‘ही नोज द वे’ हे वाक्य घ्या. यात सहायक क्रियापद दिसतच नाही. क्रियापद एकच आहे, ‘नोज’. इथे मुलं ‘इजन्ट ही’ लिहितात, कारण काहीतरी लिहायला हवं आणि ‘इज’ सगळ्यात ओळखीचं असतं. पण वाक्य नकारार्थी करा: ‘ही डझन्ट नो द वे’. दडलेलं सहायक समोर आलं, ‘डझ’. म्हणून डझन्ट ही. ‘दे वन द मॅच’चं ‘दे डिडन्ट विन’ होतं, म्हणून डिडन्ट दे. होकारार्थी साध्या वाक्यात ‘डू’ गप्प असतं, नकार किंवा प्रश्न आला की पुढे येतं.

ही सोय इंग्रजीत सुरुवातीपासून नव्हती. शेक्सपिअरच्या काळात ‘आय नो नॉट’ असंही म्हणत आणि ‘आय डू नॉट नो’ असंही. प्रश्नातही क्रियापद थेट कर्त्याच्या आधी नेता येई आणि ‘डू’ लावूनही विचारता येई. त्याच्या नाटकांत दोन्ही रचना शेजारी शेजारी सापडतात. पुढच्या शंभरेक वर्षांत ‘डू’ची रचना मोठ्या प्रमाणात स्थिरावली आणि साध्या क्रियापदांनी स्वतःला नकार जोडून घेणं सोडलं. आजच्या मुलाला ‘डू’ कुठून उपटलं असं वाटतं, त्यामागे हा इतिहास आहे. टॅग म्हणजे छोटा प्रश्नच असल्यामुळे तिथेही ‘डू’ यावंच लागतं.

‘डू’ आल्यावर काळ कोणता हे ठरवावं लागतं, कारण ‘डू’, ‘डझ’ आणि ‘डिड’ यांतलं एक निवडायचं असतं. बहुतेक क्रियापदं आपला काळ रूपावरून सांगतात. ‘वेन्ट’ म्हणजे भूतकाळ, ‘गोज’ म्हणजे वर्तमान. पण नववीतल्या एका मुलीच्या वहीत मी एकदा हे पाहिलं: ‘ही पुट द कीज ऑन द टेबल, डझन्ट ही?’ तिचं म्हणणं असं की ‘पुट’ हे पहिलं रूप आहे, म्हणून वाक्य वर्तमानकाळातलं आहे आणि कर्ता ‘ही’ आहे, म्हणून ‘डझ’. तिनं विचार केला होता, फक्त एक पुरावा तिच्या नजरेतून सुटला होता. मी तिला म्हटलं, कर्ता ‘ही’ आहे आणि वाक्य वर्तमानकाळातलं आहे असं धरू. मग क्रियापद कसं दिसायला हवं होतं? ती लगेच म्हणाली, ‘पुट्स’. वाक्यात ‘एस’ आहे का? नाही. मग हे वर्तमान असूच शकत नाही. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘शट’, ‘लेट’ या क्रियापदांची तिन्ही रूपं सारखी असतात आणि त्यांचा काळ नसलेल्या ‘एस’वरून ओळखता येतो. उत्तर ‘डिडन्ट ही’. कर्ता ‘दे’ असता तर मात्र हा पुरावा उरला नसता. ‘दे पुट द कीज ऑन द टेबल’ हे वाक्य एकटं असेल तर ते आजचंही असू शकतं आणि कालचंही. चांगला पेपर काढणारा अशा वाक्यात ‘यस्टर्डे’ किंवा ‘एव्हरी डे’ घालतो. न घातल्यास ‘डोन्ट दे’ आणि ‘डिडन्ट दे’ या दोन्ही उत्तरांना गुण द्यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘हॅव’ या क्रियापदानं जितकी मुलं चुकतात तितकी दुसऱ्या कशानं चुकत नसतील. कारण हे क्रियापद कधी सहायक असतं, कधी मुख्य. ‘शी हॅज फिनिश्ड हर वर्क’ आणि ‘शी हॅज टू गो होम’ या दोन्ही वाक्यांत ‘हॅज’ दिसतं, तेव्हा दोन्हीकडे ‘हॅजन्ट शी’ लिहायचा मोह होतो. नकारार्थी करून बघा. पहिलं ‘शी हॅजन्ट फिनिश्ड’. दुसरं ‘शी हॅजन्ट टू गो’ नव्हे, आज सगळे ‘शी डझन्ट हॅव टू गो’ म्हणतात. तेव्हा पहिल्याचा टॅग हॅजन्ट शी, दुसऱ्याचा डझन्ट शी. ‘दे हॅड लंच अ‍ॅट वन’ या वाक्यात ‘हॅड’ म्हणजे जेवले, ते मुख्य क्रियापद. ‘दे डिडन्ट हॅव लंच’, म्हणून डिडन्ट दे. मालकी सांगणारं ‘शी हॅज टू ब्रदर्स’ हे वाक्य मधल्या जागेवर आहे. जुन्या ब्रिटिश वळणात ‘हॅजन्ट शी’ चालत असे आणि काही जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत तसंच छापलेलं आढळेल. आजच्या वापरात ‘डझन्ट शी’ जास्त रुळलेलं आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलानं तेच लिहावं.

‘नीड’ आणि ‘यूज्ड टू’ यांनाही हीच चाचणी लागू होते. ‘ही नीड्स हेल्प’, ‘ही डझन्ट नीड हेल्प’, म्हणून डझन्ट ही. पण ‘यू नीडन्ट वरी’ या वाक्यात नकार ‘नीड’लाच चिकटलाय, तिथे ते सहायक झालं, म्हणून टॅग ‘नीड यू’. ‘वी यूज्ड टू लिव्ह इन पुणे’ याचं नकारार्थी ‘वी डिडन्ट यूज टू लिव्ह’, म्हणून डिडन्ट वी. वेगवेगळे नियम पाठ करण्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

पुढची अडचण बोलीभाषेतल्या आखूड रूपांची आहे. ‘शीज’ या रूपात अ‍ॅपॉस्ट्रॉफीनंतर ‘एस’ येतो, पण तो ‘इज’चा आहे की ‘हॅज’चा हे अक्षर सांगत नाही. तसंच ‘हीड’मधला ‘डी’ ‘हॅड’चाही असू शकतो आणि ‘वुड’चाही. इथे वाक्य नकारार्थी करण्याआधी ते उलगडावं लागतं आणि उलगडण्यासाठी त्या अक्षराच्या पुढचा शब्द पाहावा लागतो. ‘शीज राइटिंग’मध्ये ‘आयएनजी’ आहे, म्हणून इज, टॅग इजन्ट शी. ‘शीज रिटन थ्री लेटर्स’मध्ये तिसरं रूप आहे आणि लिहिण्याचं काम तिनं स्वतः केलंय, म्हणून हॅज, टॅग हॅजन्ट शी. पण ‘इट्स रिटन इन मोडी’मध्येही तिसरंच रूप आहे, तरी तिथे लिहिणारं दुसरंच कोणी आहे, ‘ते मोडीत लिहिलेलं आहे’ असा अर्थ, म्हणून इज, टॅग इजन्ट इट. केवळ तिसरं रूप पाहून निकाल लावता येत नाही, क्रिया कर्त्यानं केली की कर्त्यावर झाली हे पाहावं लागतं.

‘डी’च्या बाबतीत गोष्ट सोपी आहे. पुढे तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, मूळ रूप असेल तर ‘वुड’. ‘हीड लेफ्ट’ म्हणजे ‘ही हॅड लेफ्ट’, टॅग हॅडन्ट ही. ‘हीड हेल्प यू’ म्हणजे ‘ही वुड हेल्प यू’, टॅग वुडन्ट ही. याला अपवाद ‘बेटर’चा. ‘यूड बेटर लीव्ह’ म्हणजे ‘यू हॅड बेटर लीव्ह’. पुढे मूळ रूप असूनही ‘हॅड’. टॅग हॅडन्ट यू. उलट ‘यूड रादर स्टे’मध्ये ‘वुड’ आहे, टॅग वुडन्ट यू. ‘बेटर’बरोबर हॅड आणि ‘रादर’बरोबर वुड हे दोन शब्द वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्यासारखे आहेत.

आता दुसरा निर्णय, होकार की नकार. वाक्यात ‘नॉट’ असेल तर नकारार्थी, नसेल तर होकारार्थी, अशी ढोबळ समजूत मुलांची असते आणि ती दोन्ही बाजूंनी फसवते. ‘ही हार्डली ईट्स एनीथिंग’ या वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी वाक्य नकारार्थी आहे, टॅग ‘डझ ही’. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’ हे शब्द हेच करतात. ‘नोबडी कॉल्ड’ नकारार्थी, टॅग ‘डिड दे’. ‘नथिंग हॅपन्ड’ नकारार्थी, टॅग ‘डिड इट’. ‘नोबडी’ आणि ‘एव्हरीबडी’ व्याकरणानं एकवचनी असले, तरी टॅगमध्ये त्यांचं सर्वनाम ‘दे’ होतं, हेही इथेच सांगून टाकतो.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत फक्त एका ‘अ’चा फरक आहे, पण वाक्याचा कल उलटा होतो. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कुणी आलं नाही; बोलणाऱ्याचं लक्ष न आलेल्यांकडे आहे. टॅग ‘डिड दे’. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे चार माणसं तरी आली. टॅग ‘डिडन्ट दे’. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही असंच. सभेला खरोखर किती माणसं आली यावर हे ठरत नाही. तीच पंधरा माणसं एकाला ‘फ्यू’ वाटतील, दुसऱ्याला ‘अ फ्यू’, आणि टॅग त्या त्या माणसाच्या नजरेप्रमाणे बदलेल.

उलट्या बाजूनं फसवणारी वाक्यं याहून अवघड असतात. ‘ही इज अनहॅपी’ याचा अर्थ नकाराचा आहे, पण वाक्य होकारार्थी आहे. टॅग इजन्ट ही. ‘शी डिसलाइक्स नॉइज’, टॅग डझन्ट शी. ‘दे रिफ्यूज्ड’, टॅग डिडन्ट दे. एवढंच काय, ‘द डॉक्टर टोल्ड हिम नॉट टू स्मोक’ या वाक्यात ‘नॉट’ चक्क दिसतंय, तरी टॅग ‘डिडन्ट ही’ असाच. इथलं ‘नॉट’ ‘स्मोक’ला लागू आहे, ‘टोल्ड’ला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हे घडलं आहे. टॅग मुख्य क्रियापदाबद्दल विचारतो, आणि मुख्य क्रियापदाला नकार लागलेला नाही.

मग ओळखायचं कसं? पुन्हा तीच चाचणी: आणखी एक नकार जोडून बघा. ‘ही इज अनहॅपी’ सहज नकारार्थी होतं, ‘ही इजन्ट अनहॅपी’. ज्याला नकार जोडता येतो ते अजून होकारार्थीच होतं. ‘ही हार्डली ईट्स’ला मात्र नकार जोडायला गेलं तर ‘ही डझन्ट हार्डली ईट’ असं वेडंवाकडं वाक्य होतं, प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. म्हणजे नकाराची जागा आधीच भरलेली आहे. भाषाशास्त्रज्ञांनीही वाक्य नकारार्थी आहे की नाही हे ठरवायला अशाच चाचण्या वापरल्या आहेत. एडवर्ड क्लिमा या अमेरिकी अभ्यासकाचा इंग्रजी नकारावरचा १९६४ मधला निबंध त्यासाठी प्रसिद्ध आहे. वाक्यानंतर ‘नायदर’ जोडता येतं का, ही त्यातलीच एक चाचणी. ‘ही हार्डली ईट्स, अँड नायदर डझ शी’ हे जुळतं. ‘ही इज अनहॅपी, अँड नायदर इज शी’ हे जुळत नाही, तिथे ‘सो इज शी’ लागतं. पहिली चाचणी बोलून ठरत नसेल तेव्हा मुलांनी ही दुसरी लावावी.

दोन्ही अडचणी एकत्र आल्या की काय होतं ते एका वाक्यावर बघू. ‘हीड हार्डली टच्ड हिज फूड.’ जेवणाला त्यानं हात लावलाच नव्हता म्हणायचा. पहिला प्रश्न ‘डी’चा. पुढे ‘हार्डली’ आहे, त्यावरून काही कळत नाही. क्रियाविशेषण ओलांडून पुढे जायचं, तिथे ‘टच्ड’ आहे, तिसरं रूप. म्हणजे ‘ही हॅड’. दुसरा प्रश्न नकाराचा. ‘हार्डली’मुळे वाक्य नकारार्थी, म्हणून टॅग होकारार्थी. कर्ता ‘ही’, सर्वनाम तेच. उत्तर ‘हॅड ही?’ या वाक्यावर मुलं साधारण तीन चुकीची उत्तरं देतात आणि प्रत्येकावरून चूक कुठे झाली ते सांगता येतं. ‘हॅडन्ट ही’ लिहिणाऱ्यानं सहायक बरोबर शोधलंय, पण ‘हार्डली’ त्याच्या नजरेतून सुटलंय. ‘डिड ही’ लिहिणाऱ्यानं नकार ओळखलाय, पण ‘डी’ पाहिलेला नाही; त्याला ‘टच्ड’ साधा भूतकाळ वाटला. ‘वुड ही’ लिहिणाऱ्यानं ‘डी’ पाहिलाय, पण पुढच्या क्रियापदाचं रूप तपासलेलं नाही. तिघांना एकच लाल फुली देण्यात काही अर्थ नाही. प्रत्येकाला सांगायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती एका वाक्यात सांगता येते.

‘आय थिंक’नं सुरू होणाऱ्या वाक्यांबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं. ‘आय थिंक ही विल कम’ यात मुख्य क्रियापद ‘थिंक’ आहे, तेव्हा नियमानं ‘डोन्ट आय’ व्हायला हवं. पण मला काय वाटतं हे मीच समोरच्याला कशाला विचारीन? प्रश्न येण्याबद्दल आहे, म्हणून टॅग ‘वोन्ट ही’. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ याचा टॅग ‘विल ही’. इथे नकार दिसतो ‘थिंक’वर, पण अर्थानं तो ‘कम’चा आहे, मराठीतही ‘तो येईल असं मला वाटत नाही’ म्हणताना आपण त्याच्या न येण्याबद्दलच बोलत असतो. हे फक्त ‘आय’पुरतं. कर्ता बदलून ‘शी थिंक्स ही विल कम’ केलं की तिला काय वाटतं हा खरा प्रश्न होतो आणि टॅग ‘डझन्ट शी’ असा नियमाप्रमाणे येतो.

राहिले पाठ करण्याचे मोजके अपवाद. ‘आय अ‍ॅम लेट’चा टॅग ‘आरन्ट आय’. नियमानं ‘अ‍ॅमन्ट आय’ व्हायला हवं होतं, आणि स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये ते बोलतातही, पण प्रमाण इंग्रजीत ते टिकलं नाही. ‘लेट्स गो’चा टॅग ‘शॅल वी’. आज्ञार्थी वाक्याला ‘विल यू’ लावायचं आणि नकारार्थी आज्ञेलाही ‘विल यू’च: ‘डोन्ट बी लेट, विल यू?’ ‘देअर’नं सुरू होणाऱ्या वाक्यात टॅगमध्येही ‘देअर’च येतं. ‘धिस’ आणि ‘दॅट’चं ‘इट’ होतं, ‘दीज’ आणि ‘दोज’चं ‘दे’.

कागदावर टॅग बरोबर आला तरी बोलताना त्याचा अर्थ आवाजावर ठरतो. शेवटी सूर खाली आला तर बोलणाऱ्याला उत्तर माहीत आहे, त्याला फक्त दुजोरा हवाय. ‘इट्स हॉट, इजन्ट इट?’ हे मे महिन्यात सोलापुरात कुणी म्हणालं तर तो खाली येणारा सूर असतो. सूर वर गेला तर त्याला खरंच माहिती हवीय. आपल्याकडे बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत ‘इजन्ट इट’ कोणत्याही वाक्यामागे लावायची सवय आहे: ‘यू आर कमिंग टुमारो, इजन्ट इट?’ आपल्या ‘ना’ आणि ‘नाही का’ यांना अशीच एक स्थिर जागा असते, तिचा ठसा या सवयीवर आहे. बोलताना अर्थ पोचतो, त्यामुळे बोलणाऱ्याला हिणवण्याचं काही कारण नाही. पेपरात मात्र गुण जातो, आणि मुलाला तो कशामुळे गेला हे कळलं पाहिजे.

उत्तर देताना जी चूक होते ती यापेक्षा गंभीर आहे, आणि सरावाच्या पुस्तकांत तिला जागाच मिळत नाही. नकारार्थी वाक्याला होकारार्थी टॅग लावून विचारलं की आपण मराठीच्या सवयीनं उत्तर देतो. ‘तुम्ही फी भरली नाही ना?’ यावर ‘हो, नाही भरली’ असं आपण सहज म्हणतो. तो ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला दिलेला दुजोरा असतो. इंग्रजीत ‘यस’ समोरच्याच्या म्हणण्याला मिळत नाही, आपल्या उत्तरातल्या क्रियापदाला मिळतो. भरली असेल तर ‘यस, आय हॅव’, नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. विचारणाऱ्यानं कसंही विचारलेलं असो. ‘यस, आय हॅवन्ट’ हे इंग्रजीत जुळतच नाही. म्हणून टॅगचा सराव करताना मी प्रत्येक वाक्याचं उत्तरही लिहून घेतो, तेच सहायक क्रियापद वापरून. टॅगमध्ये ‘हॅव यू’ असेल तर उत्तरात ‘आय हॅव’ किंवा ‘आय हॅवन्ट’.

परदेशात दवाखान्यात गेल्यावर नर्स इंजेक्शन देण्याआधी विचारते: ‘यू आरन्ट अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन, आर यू?’ अ‍ॅलर्जी नसलेला मराठी माणूस तिच्या म्हणण्याला मान डोलावत ‘यस’ म्हणतो. नर्सला ऐकू येतं की याला अ‍ॅलर्जी आहे, आणि ती औषध बदलायला निघते. ज्याला खरोखर अ‍ॅलर्जी आहे असा माणूस ‘तसं नाही हो’ या अर्थानं ‘नो’ म्हणाला, तर गोष्ट फार वाईट वळणावर जाऊ शकते. तिथे एक शब्द पुरत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर ‘यस, आय अ‍ॅम’ आणि नसेल तर ‘नो, आय अ‍ॅम नॉट’, असं क्रियापदासकट सांगायचं.